शेजाऱ्यांचे तीन शब्द

ती. आईस,

लिस्बनला येण्याआधी एवढं वाच. शेजारच्या आजी जेवत असताना तू दारात गेलीस, तर त्या म्हणतील, ‘ए सेर्वीदा?’ म्हणजे ‘घेणार का थोडं?’ आपल्या ‘या जेवायला’सारखंच हे, लगेच ताट घ्यायचं नसतं. हसून ‘ओब्रिगादा, बों प्रोव्हेइतू’ म्हण, म्हणजे ‘धन्यवाद, सावकाश होऊ द्या’. पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतात, तू ‘दा’च म्हण. पुन्हा आग्रह झाला तर मात्र बस. तुला मासे चालत नाहीत हे मी सांगून ठेवलंय.

गुडघा दुखतोय कळलं की ‘अझ मेल्योराश’ म्हणतील, लवकर बरं वाटू दे. निघताना ‘बेइजिन्युश’, म्हणजे ‘छोटे पापे’, म्हणत दोन्ही गालांना गाल लावतील. बावरू नकोस, बायकांत ही रीतच आहे. फोन ठेवतानाही हेच म्हणतात.

तुझा,
बाळू