लाजऱ्या मैत्रिणीला लग्नाचं विचारताना

प्रश्न: माझी मैत्रीण फार लाजरी आहे, स्वतःच्या गोष्टी चारचौघांत बोललेलं तिला आवडत नाही. चार वर्षं आम्ही सोबत आहोत. तिला नकळत, साधंसं काहीतरी करून लग्नाचं विचारायचं आहे. ते नाटकी वाटू नये आणि तिच्यावर दडपणही येऊ नये. काय करू?

उत्तर:

लग्न करायचं की नाही हे तिच्यासाठी आश्चर्य असता कामा नये. कधी आणि कसं विचारणार, एवढंच गुपित ठेवा. त्यामुळे सगळ्यात आधी, अंगठी-बिंगठी मनात यायच्याही आधी, साध्या गप्पांत हा विषय निघून गेलेला हवा. पुढे कोणत्या शहरात राहायचं, आईवडिलांसोबत की वेगळं, लग्न रजिस्टर की मोठं, मूल हवं का. या गोष्टींवर ती स्वतःहून बोलत असेल, ‘आपण’ म्हणून बोलत असेल, तर पुढे जा. दर वेळी विषय बदलत असेल, ‘बघू’ म्हणून थांबत असेल, तर तिच्या मनात काहीतरी अडलेलं आहे. ते आधी शांतपणे विचारा. मनात अडलेलं असताना अचानक अंगठी पुढे आली की लाजरी व्यक्ती नाही म्हणू शकत नाही, आणि मनापासून हो पण म्हणू शकत नाही.

आता जागा. माझी बायकोही अशीच आहे. वाढदिवसाला हॉटेलात वेटर केक घेऊन टाळ्या वाजवत आले तर तिचा चेहरा उतरतो. मी तिला पुण्यात वेताळ टेकडीवर विचारलं. तिथे आम्ही एरवीही जात होतो, म्हणून तीच जागा निवडली. नवी, सजवलेली जागा असली की पाऊल ठेवल्या क्षणी तिला कळतं की आज काहीतरी आहे, आणि मग ती वाट बघत अवघडून बसते. रोजच्या जागेत ती मोकळी असते.

पण रोजची जागा म्हणजे नेमकी वेळ पारखून घेतलेली जागा. टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची रीघ असते, ओळखीचे काकाही भेटतात. म्हणून मी आधीच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी एकटा जाऊन बसलो. कुठल्या कठड्यावर बसलं की मागून कोणी येत नाही, फिरणारे कधी पांगतात, ऊन कुठे येतं, हे बघून ठेवलं. हे तुम्हीही करा. अर्धा तास बसून बघितलं की कळतं, इथे दोन मिनिटं सलग कोणी शेजारून जात नाही की जातं. जात असेल तर जागा बदला. पाऊस आला तर काय, हेही ठरवून ठेवा. आमचं ठरलेलं होतं की पाऊस आला तर आजचा बेत रद्द, पुढच्या वेळी बघू. म्हणजे ते मी माझ्याशी ठरवलं होतं, तिला अर्थातच काही माहीत नव्हतं.

तिला तिथून स्वतःहून निघता आलं पाहिजे, याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. आम्ही दोघं आपापल्या स्कूटरवर गेलो होतो. मला हे मुद्दाम हवं होतं, कारण उत्तर काहीही आलं तरी तिला माझ्यामागे बसून घरी यावं लागणार नव्हतं. म्हणून दापोली-गुहागरच्या सहलीच्या पहिल्याच संध्याकाळी विचारू नका. पुढचे दोन दिवस एकाच खोलीत काढायचे आहेत, हे दडपण तिच्या उत्तरावर पडतं. बाहेरगावीच करायचं असेल तर परतीच्या दिवशी. आणि लगेच नंतर मित्रांसोबत जेवण ठेवू नका. ‘हो’ म्हणाली तर तिला जरा एकांत लागेल, आणि ‘विचार करते’ म्हणाली तर त्या जेवणावर काय करायचं, हाच प्रश्न पडेल.

छुपा फोटोग्राफर, झुडपामागे कॅमेरा घेतलेला मित्र, हे अजिबात नको. फोटो हवाच असेल तर नंतर दोघांनी सेल्फी घ्या, तिला वाटलं तर.

अंगठीबद्दल. आपल्याकडे साखरपुड्यात अंगठी घालायची असतेच, आणि ती निवडायला तिला आवडेल. म्हणून महागडी हिऱ्याची अंगठी आत्ता घेऊ नका. भारी वस्तू हातात दिली की नाही म्हणणं आणखी अवघड होतं. मी चांदीची साधी, बिनखड्याची अंगठी घेतली होती. माप चोरून घ्यायचं तर ती घालते ती एखादी अंगठी थोडा वेळ मिळवा, आतला व्यास पट्टीवर मिलिमीटरमध्ये बघा आणि त्याला ३.१४ ने गुणा. व्यास १६.५ आला तर आतला घेर साधारण ५२ मिलिमीटर. हा आकडा सराफाला सांगा. पण ती अंगठी कोणत्या हाताच्या कोणत्या बोटात घालते ते आधी लक्षात घ्या, नाहीतर मापाचा उपयोग नाही. अडलंच तर किंचित मोठी घ्या, साधी अंगठी लहान करून मिळते. डबी खिशात उठून दिसते, म्हणून छोट्या कापडी बटव्यात ठेवा.

विचारताना गुडघ्यावर बसू नका, समोरासमोरही बसू नका. शेजारी शेजारी, दोघांचं तोंड एकाच दिशेला, असं बसलं की तिला डोळ्यांत डोळे घालून उत्तर द्यावं लागत नाही. बोलणं तीन-चार वाक्यांत आटपा. तिच्याबद्दलची एक खरी गोष्ट सांगा, जी फक्त तुम्हालाच माहीत आहे. मी म्हणालो, ‘माझ्या बाबांच्या आजारपणात तू रोज त्यांना फोन करायचीस, मला न सांगता. ते मला नंतर बाबांनीच सांगितलं. मला तुझ्यासोबत लग्न करायचं आहे. तुला करायचं आहे का? आज उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’ शेवटचं वाक्य मनापासून म्हणता येत नसेल तर ते म्हणूच नका.

मग गप्प बसा. लाजऱ्या माणसाला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि आपण घाबरून बोलत सुटलो की त्यांचं वाक्य मधेच राहतं. ती रडली, हसली, नुसतीच जमिनीकडे बघत राहिली, तरी थांबा. ‘मला जरा वेळ दे’ म्हणाली तर ‘हो, घे की’ म्हणा आणि बटवा परत खिशात घाला. मग चहाला चला, त्या दिवशी विषय पुन्हा काढू नका. दोन-तीन आठवडे गेले तर एकदाच विचारा, ‘त्याबद्दल बोलायचं आहे का?’

माझी बायको त्या दिवशी लगेच ‘हो’ म्हणाली, पण पुढचं वाक्य होतं, ‘आईला आज नको सांगूस.’ हे फार महत्त्वाचं आहे. कोणाला, कधी, कोण सांगणार, हे तिने ठरवायचं. तोपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस नाही, मित्रांना फोन नाही, तुमच्या आईलाही नाही, कारण फॅमिली ग्रुपवर ती बातमी संध्याकाळपर्यंत मावशी-आत्यांकडे पोहोचते आणि तिला फोन यायला लागतात. आम्ही तिच्या बहिणीला आधी सांगितलं, मग बायकोने स्वतःच तिच्या आईला, आणि माझ्या घरी आम्ही दोघं मिळून गेलो.