भांडणानंतरची चिठ्ठी

नवऱ्याला लिहायची चिठ्ठी चार-पाच ओळींचीच ठेव, ताई. पानभर झाली की ती आरोपपत्रासारखी वाचली जाते. एकच प्रसंग घे आणि घडलं तेवढंच लिही: "भाऊजींना पैसे दिल्याचं मला काल बाहेरून कळलं. परकं वाटलं. मी आवाज चढवला, ते चुकलं. आज जेवणं झाल्यावर, नऊ वाजता, फुटाळा तलावावर चक्कर मारू. तेव्हा बोलायचं?"

'तुम्ही नेहमीच' लिहिलंस की ते उलटे दाखले शोधत बसतील. माफीनंतर 'पण' आला की माफी गेलीच. वेळ नक्की टाक; 'बोलू कधीतरी' म्हटलं तर दोघंही वाट बघत राहता. सासूबाईंच्या हाती लागू नये म्हणून घडी करून टेबलावर नवऱ्याच्या डब्याखाली ठेव. उत्तर नाही आलं तरी दुसरी चिठ्ठी नको, नऊला तूच विचार, "निघायचं का?"