उत्तराधिकारी नियोजनाच्या सारांशात ‘तयार’ कोणाला लिहावं?

प्रश्न: बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यातल्या 14 महत्त्वाच्या पदांचा सारांश पुढच्या महिन्यात वरिष्ठांसमोर मांडायचा आहे. एका पानात काय लिहू? आणि ‘तयार’ कोणाला म्हणू?

आधी 14 पदांची यादी छोटी करा. पद महिनाभर रिकामं राहिलं तर काय थांबेल आणि बाहेरून माणूस मिळायला किती महिने लागतील, एवढं प्रत्येक पदाला विचारा. दोन्ही उत्तरं जड असतील तेच पद पानावर ठेवा. बहुतेक वेळा पाच-सहा उरतात, आणि पदनाम मोठं असूनही काही गळतात.

खरी गफलत ‘तयार’ या शब्दात होते. आजचं काम चोख करणारा माणूस वरच्या पदासाठी तयार आहे, असं आपण धरून चालतो. युटिलिटी प्रमुखाचं पद घ्या. समजा, ते 16 महिन्यांनी निवृत्त होणार आहेत आणि पाळी-प्रमुख नऊ वर्षं बॉयलर सांभाळतोय. सगळे म्हणतात, हाच पुढचा. पण पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये अडकून वाफेचा दाब उतरू लागला, की उत्पादनाचा कोणता विभाग आधी बंद करायचा हे कोण ठरवतं? तो जर साहेबांना फोन करत असेल, तर बॉयलर त्याला येतो, पद अजून येत नाही. शिवाय बॉयलरच्या आकारानुसार कायद्याने लागणारं प्रवीणतेचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नसेल, तर ‘आत्ता तयार’ लिहूच नका. परीक्षेची तारीख आपल्या हातात नसते.

म्हणून त्याच्यापुढे ‘12 ते 18 महिने’ लिहा आणि शेजारी अडलेल्या गोष्टी नोंदवा: प्रमाणपत्र, कोळशाचा करार, वार्षिक शटडाउनचं बजेट. 18 महिने म्हणजे निवृत्तीनंतर दोन महिने, तेव्हा मधल्या काळात पदभार कोणाकडे हेही त्याच ओळीत हवं.

विकासाच्या रकान्यात ‘नेतृत्व प्रशिक्षण’ लिहिलं तर काहीच घडत नाही. पुढचं शटडाउन त्यानेच आखायचं, कराराच्या बोलणीत बसायचं, परीक्षेचा अर्ज अमुक तारखेपर्यंत भरायचा, असं लिहा. प्रमुखांनी सलग तीन आठवडे रजेवर जाऊन फोन बंद ठेवायचा. परतल्यावर पाहायचं, किती निर्णय त्यांच्यासाठी राखून ठेवले होते. माझ्या मते तयारीची याहून चांगली परीक्षा नाही.

पान पाठवण्याआधी उत्तराधिकाऱ्यांची नावं मोजा, रकाने नव्हे. एकच हुशार अभियंता तीन पदांमागे लिहिलेला सापडतो. कागदावर तिन्ही भरलेली, प्रत्यक्षात तो एका जागी गेला की दोन उघडी. तो गेल्यावर त्याची आजची खुर्ची कोण घेणार, तेही लिहा.

सर्वात वर वरिष्ठांकडून हवे असलेले दोन-तीन निर्णयच ठेवा, उदाहरणार्थ, ‘रजेचे तीन आठवडे ऑगस्टमध्ये मंजूर करावेत.’ आणि नावांचं पान मेलवर फिरू देऊ नका. ‘आत्ता तयार’ हे उमेदवाराच्या कानावर गेलं, की तो त्याला बढतीचं वचन समजतो.