प्रपोजल व्हिडिओ: शेवटचा शॉट आधी लिहा

प्रश्न: गुहागरच्या किनाऱ्यावर तिला प्रपोज करायचंय. आमच्या आठवणींचा व्हिडिओ आणि शेवटी सरप्राइज. स्क्रिप्ट कशी लिहू?

स्क्रिप्ट शेवटाकडून लिहा. ती जिथे बसून व्हिडिओ बघणार, तीच जागा शेवटच्या शॉटमध्ये दिसू द्या, आधी रिकामी. मग तुम्ही फ्रेममध्ये येता, म्हणता, "आता मागे बघ." ती वळते, तुम्ही त्याच शर्टात, अंगठी घेऊन उभे.

हा शॉट आदल्या संध्याकाळीच घ्या. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आठवडाभर आधी घेतलात तर पाण्याची रेघ भलतीकडेच दिसेल.

त्याआधी तीन-चारच आठवणी, सगळं मिळून दोन मिनिटं. "आपण खूप फिरलो" हे वाक्य काढा. त्याऐवजी: "दाभोळची फेरीबोट. तुझी ओढणी उडाली, मी पकडायला धावलो, हातातली भेळ खाडीत. तू ओढणी सोडून भेळेसाठी हळहळलीस." लग्नाचा उल्लेख मात्र कुठेच नको, वाढदिवसाचा व्हिडिओ वाटला पाहिजे.

वाऱ्यात फोनचा आवाज ऐकूच येत नाही. इअरफोन दिलात तर मागून येणारी तुमची पावलंही तिला कळणार नाहीत.