फोन गेला, चॅट गेलं: कंपनी जुने मेसेज परत का देऊ शकत नाही

प्रश्न: ठाणे-वाशी लोकलमध्ये फोन चोरीला गेला. त्याच नंबरचं सिम काढून नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं, तर बॅकअप पासवर्ड मागतोय आणि तो मला आठवत नाही. घणसोलीच्या घरमालकाशी डिपॉझिटबद्दल झालेलं दोन वर्षांचं बोलणं त्यात आहे. कंपनी म्हणते, आमच्याकडे मेसेज नाहीत. खरंच नसतात, की द्यायचे नसतात? पोलिसांकडून किंवा कोर्टातून मागवता येतील का?

उत्तर:

खरंच नसतात. आणि बॅकअपच्या रूपात जे कुठेतरी पडून आहे, ते त्यांना उघडता येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून एकेक करून सांगतो.

मी ऐरोलीत एका कंपनीचे सर्व्हर आणि त्यांचे बॅकअप सांभाळतो. ‘बॅकअप आहे ना, मग द्या की काढून’ हे माझ्या रोजच्या ऐकण्यातलं वाक्य. ऑफिसच्या मेलबाबत बहुतेक वेळा ते जमतंही, कारण मेल सर्व्हरवर वाचता येईल अशा रूपात पडलेला असतो आणि त्याची किल्ली आमच्याकडेच असते. व्हॉट्सअ‍ॅपची मांडणी मुळातच याच्या उलट आहे. २०१६ पासून तिथला प्रत्येक मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते.

समजा घरमालकांनी तुम्हाला लिहिलं, ‘३१ तारखेला डिपॉझिट परत करतो.’ हे वाक्य त्यांच्या फोनमधून निघतानाच अगम्य झालेलं असतं. कोणाकडून आलं, कोणाला द्यायचं आणि केव्हा आलं, एवढंच सर्व्हरला कळतं. तुमचा फोन चालू असेल तर मेसेज लगेच पोहोचतो, त्यांना दोन टिक दिसतात आणि सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. तुमचा फोन बंद असेल तर ती जास्तीत जास्त ३० दिवस थांबते, मग तीही जाते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं वाक्य सर्व्हरवर शोधायला गेलात तर तिथे शोधण्यासारखं काही नसतं.

इथे लोक हमखास विचारतात, ‘कशावरून पुसतात? गुपचूप ठेवत असतील.’ रास्त शंका आहे. म्हणून धरून चालू की कंपनीने प्रत्येक बंद मेसेजची प्रत जपून ठेवली आहे. तरी उपयोग नाही. तुमच्या आणि घरमालकांच्या फोनमध्ये दर मेसेजला नवी किल्ली तयार होते. ती आधीच्या गुप्त आकड्यावरून एका अशा गणिताने काढतात, जे उलट्या दिशेने करता येत नाही. चरकातून निघालेल्या रसावरून ऊस परत उभा करता येत नाही, तसंच. मेसेज उघडला की ती किल्ली फोन टाकून देतो. तुम्ही नंतर स्क्रीनवर वाचता तो मेसेज फोनने उघडून स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवलेला असतो. म्हणजे उद्या तो जुना बंद मेसेज सर्व्हरने पुन्हा पाठवला तर तुमचा चोरीला गेलेला फोनसुद्धा तो उघडू शकणार नाही, मग कंपनी कुठून उघडणार?

याचा पुरावा तुम्हाला नव्या फोनवर कदाचित दिसलाही असेल. फोन चोरीला गेल्यापासून नवं सिम मिळेपर्यंत ज्यांनी मेसेज पाठवले, त्यांच्या नावाखाली मजकुराऐवजी हे येतं: “Waiting for this message. This may take a while.” लोकांना वाटतं नेट स्लो आहे. तसं नाही. ते मेसेज तुमच्या जुन्या फोनच्या किल्लीसाठी बंद केलेले होते आणि नव्या फोनकडे ती नाही. मग नवा फोन पाठवणाऱ्याच्या फोनलाच सांगतो, माझ्या नव्या किल्लीने बंद करून पुन्हा पाठव. समोरच्याने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की ओळ जाते आणि मेसेज येतो. नाही उघडलं तर ती ओळ तशीच राहते. सर्व्हरला मजकूर वाचता येत असता तर त्याने समोरच्याची वाट पाहिलीच नसती.

आता बॅकअप. तुमची अडचण खरी इथे आहे.

फोन रोज किंवा आठवड्याला आपला डेटाबेस गूगल खात्यात चढवतो, आयफोन असेल तर आयक्लाउडमध्ये. साध्या बॅकअपला वेगळा पासवर्ड लागत नाही. तोच नंबर आणि तेच गूगल खातं असलं की नव्या फोनवर सगळं परत येतं. पण साधा बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन टोकांच्या कुलपाखाली नसतो. ही फट बुजवायला २०२१ च्या शेवटी ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ हा पर्याय आला. तो आपोआप चालू होत नाही, म्हणजे कधीतरी तुम्ही स्वतःच तो चालू करून पासवर्ड ठेवलेला आहे. त्या दिवसापासून फाइल गूगलकडे आहे, पण ती उघडणारी किल्ली व्हॉट्सअ‍ॅपच्या डेटा सेंटरमधल्या एका खास यंत्रात बंद आहे आणि ते यंत्र फक्त तुमच्या पासवर्डला दाद देतं. पासवर्डऐवजी ६४ अंकी की निवडणाऱ्यांच्या बाबतीत तर ती किल्लीसुद्धा कंपनीकडे जात नाही.

‘फरगॉट पासवर्ड’ इथे का चालत नाही, तेही यातच आलं. बँकेत नवा पासवर्ड मिळतो कारण तुमचे पैसे बँकेला तुमच्या पासवर्डशिवायही दिसतात. इथे पासवर्ड गेला म्हणजे किल्लीपर्यंतची वाटच गेली. जुना फोन हातात असता तर त्याच्यावरून नवा पासवर्ड ठेवता आला असता, कारण उघडा डेटाबेस त्यात होताच.

म्हणून आत्ता दोन गोष्टी सांभाळा. पहिली, अंदाजाने पासवर्ड टाकत सुटू नका. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा आहे आणि ती ओलांडली की यंत्र ती किल्ली कायमची बंद करतं. मग खरा पासवर्ड आठवूनही फायदा नाही. आधी गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये बघा, ईमेलमध्ये शोधा, गूगल फोटोजमध्ये एखादा स्क्रीनशॉट सापडतो का पाहा, पासवर्ड लिहून ठेवायची घरात एखादी डायरी असेल तर तीही उघडा. दुसरी, जुना बॅकअप परत न आणता पुढे गेला असाल तर आधी Settings > Chats > Chat backup मध्ये जाऊन आपोआप होणारा बॅकअप बंद करा. त्याच गूगल खात्यावर नवा बॅकअप चढला की तो जुन्याच्या जागी बसतो आणि मग पासवर्ड सापडला तरी उघडायला काही उरत नाही. तो सापडला की अ‍ॅप काढून पुन्हा टाकायचं. बॅकअपचा प्रश्न सुरुवातीलाच विचारला जातो.

तुमच्यासाठी उशीर झालाय, पण हे वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल म्हणून एक किस्सा. महाप्यात काम करणाऱ्या माझ्या एका मित्राचा फोन पावसात भिजून कायमचा बंद पडला. ऑफिसच्या कम्प्युटरवर त्याचं व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं होतं. तो दुकानातूनच फोन करून विचारत होता, नवा फोन घेतलाय, नंबर टाकू का? मी म्हटलं, थांब, आधी ऑफिसला जा. जोडलेल्या कम्प्युटरवर मेसेजची स्वतःची प्रत असते आणि मुख्य फोन बंद असला तरी ते १४ दिवस चालतं. पण नंबर नव्या फोनवर नोंदवला की सगळी जोडलेली यंत्रं बाहेर फेकली जातात. त्याने ऑफिसात बसून हवी ती चॅट वर वर सरकवत नेली आणि स्क्रीनशॉट काढले, पीडीएफ उतरवून घेतल्या. एका ठिकाणी “Use WhatsApp on your phone to see older messages” अशी ओळ आली. कम्प्युटरकडची प्रत तिथे संपली. त्यामागचं फक्त त्या मेलेल्या फोनमध्ये होतं. तरी वर्षभरातलं कामाचं सगळं मिळालं.

पोलीस आणि कोर्टाचं म्हणाल, तर कंपनीकडून रीतसर मागणीवर खात्याची माहिती मिळू शकते: नंबर केव्हापासून वापरात आहे, शेवटचा केव्हा चालू होता, असा तपशील. मजकूर मिळत नाही, कारण जज साहेबांनी आदेश दिला तरी नसलेली किल्ली तयार होत नाही. पेपरात लोकांच्या चॅट छापून येतात तेव्हा त्या कोणाच्या तरी फोनमधून, बॅकअपमधून किंवा चॅटमधल्याच दुसऱ्या माणसाकडून आलेल्या असतात. अ‍ॅपमधून ‘Request account info’ करून मिळणाऱ्या अहवालातही एकही मेसेज नसतो. तीन-एक दिवस त्याची वाट पाहत बसू नका.

तुमचा खरा मार्ग त्या दुसऱ्या माणसातून जातो. दोन टोकांपैकी एक टोक चोरीला गेलं, दुसरं घरमालकांच्या खिशात आहे. ते स्वतःहून देणार नाहीत हे समजू शकतो. पण भाड्याच्या घरात बहुधा एजंट असतो, आणि तुम्ही, एजंट, घरमालक असा तिघांचा ग्रुपही बरेचदा असतो. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनवर पूर्ण प्रत असते. फक्त डिसअपिअरिंग मेसेज चालू नव्हते ना, आणि एजंटने चॅट साफ केली नाही ना, एवढं विचारून घ्या. मग त्याच्या फोनवर ग्रुप उघडून वरचे तीन ठिपके, More, Export chat, Without media असं करून फाइल स्वतःला मेल करायला सांगा. तारीख, वेळ आणि नावासकट साधी टेक्स्ट फाइल मिळते. घरमालकांशी एकट्याने केलेलं बोलणं तुम्ही नवऱ्याला, बायकोला किंवा मित्राला फॉरवर्ड केलं असेल किंवा त्याचे स्क्रीनशॉट पाठवले असतील, तर तेही त्यांच्या फोनवर असतील. भाडं आणि डिपॉझिट बँकेतून दिलं असेल तर स्टेटमेंट सोबत काढून ठेवा, त्याला कोणाचा पासवर्ड लागत नाही.

प्रकरण कोर्टात नेणार असाल तर नुसती छापील पानं पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते ज्या यंत्रातून पुरावा निघाला त्याच्याशी बांधलेलं असतं. म्हणजे एजंटच्या फोनमधून फाइल काढलीत तर सहीला एजंट लागेल. फाइल मागायला जाल तेव्हाच त्याच्या कानावर हे घाला, आणि तोपर्यंत फोन बदलू नकोस असंही सांगा.