लेबलवरची घटकयादी कशी वाचायची?

प्रश्न: कॉलेजात पाच मिनिटं बोलायचंय. इन्फ्लुएन्सरवर विश्वास ठेवण्याआधी क्रीम-सीरमच्या लेबलवर नेमकं काय बघायचं, हे मुलांना कसं सांगू?

उत्तर: एकच युक्ती सांगा, पण बाटली हातात धरून. मागच्या यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. मात्र १ टक्क्याहून कमी असलेले घटक कसेही लावायची मुभा असते. ही सीमा लेबलवर छापलेली नसते, ती ओळखावी लागते.

त्यासाठी फेनॉक्सीइथेनॉल शोधा. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि युरोपीय नियमांनुसार ते जास्तीत जास्त १ टक्का चालतं. समजा, व्हिडिओत ‘नायसिनामाइड सीरम’ म्हणून गाजवलेल्या बाटलीवर क्रम असा आहे: पाणी, ग्लिसरीन, फेनॉक्सीइथेनॉल, सुगंध, नायसिनामाइड. म्हणजे नायसिनामाइड १ टक्क्याच्या वर जाणं जवळपास अशक्य. त्वचेच्या डागांवरच्या अभ्यासांत ते साधारण २ ते ५ टक्के वापरलेलं असतं. मग पुढच्या बाजूचं मोठं नाव कशाचं?

उलट रेटिनॉल शेवटी दिसलं तर नाक मुरडू नका, ते १ टक्क्याहून कमी प्रमाणातही काम करतं. आणि ज्याची त्वचा सुगंधाने चुरचुरते, त्याने ‘अनसेंटेड’ शब्दावर जाऊ नये. वास झाकायलाही सुगंधद्रव्य घालतात. यादीत ‘परफ्यूम’ आहे का, तेवढं बघावं.