जत्रेच्या बातमीतली क्रियापदं : यात्रा ‘भरली’ की ‘संपन्न झाली’?

प्रश्न : मी अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. वर्गाला बोलता-वाचता बऱ्यापैकी येतं, बहुतेकांची घरची भाषा हिंदी. जत्रेवर शंभरेक शब्दांची बातमी शीर्षकासह लिहायला दिली, तर ‘भाविकांनी दर्शन घेतला’, ‘सरपंचांनी म्हणाले’, ‘पोलिसांनी भाविकांना वळवले की वळवली’ अशी गाडी अडली. शिवाय सगळ्यांचं शीर्षक एकच : ‘यात्रा उत्साहात संपन्न’. ते चूक आहे का? आणि शीर्षकात भूतकाळ चालतो का?

उत्तर :

‘संपन्न’पासून सुरू करतो. शब्द चूक नाही. संस्कृतात त्याचा ‘पुरा झालेला, सिद्धीस गेलेला’ असा अर्थ आहेच. पण आजच्या मराठीत ‘संपन्न घराणं’ म्हटलं की पैसाअडका डोळ्यांपुढे येतो, आणि ‘कार्यक्रम संपन्न झाला’ हे फक्त बातम्या, इतिवृत्तं आणि आभारप्रदर्शनं यांतच उरलंय. जत्रेला मराठीचं स्वतःचं क्रियापद आहे : भरणे. बाजार भरतो, शाळा भरते, तशी जत्रा भरते. वर्गाला हे एकच क्रियापद दिलंत तरी बातमी मराठी वाटायला लागेल. ‘यात्रा केली’ म्हणजे प्रवास, काशीयात्रा वगैरे. ‘यात्रा भरली’ म्हणजे माणसं जमली, दुकानं लागली, पाळणे फिरू लागले.

दुसरी अडचण अर्थाची आहे. ‘संपन्न झाली’ किंवा ‘पार पडली’ म्हटलं की जत्रा आटोपली. पहिल्याच दिवसाच्या बातमीत ती कशी आटोपेल? ‘पार पडली’ला शिवाय सुटकेच्या निःश्वासाची छटा आहे, काहीतरी अवघड निभावलं अशी. गर्दीच्या यात्रेबद्दल शेवटच्या दिवशी ते शोभतं. पहिल्या दिवशी ‘भरली’ किंवा ‘सुरुवात झाली’ लिहावं.

आता नमुना. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीला चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाची यात्रा भरते, तीच घेतो. दिवसाचा क्रम ठरलेला असल्यामुळे क्रियापदं आपोआप मिळतात. वार शनिवार धरलाय आणि पोलिसांचं वाक्य निव्वळ व्याकरणासाठी घातलंय.

चांगभलंच्या गजरात सासनकाठ्या नाचल्या

वाडी रत्नागिरी : ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’च्या गजरात ज्योतिबाची चैत्र यात्रा शनिवारी भरली. दूरच्या गावांच्या सासनकाठ्या आदल्या रात्रीच डोंगरावर पोहोचल्या होत्या. पहाटे देवाला अभिषेक करण्यात आला. दुपारी सासनकाठ्यांची मिरवणूक निघाली. तरुणांनी हलगीच्या तालावर काठ्या नाचवल्या. सायंकाळी पालखी यमाई मंदिराकडे निघाली, तेव्हा भाविकांनी तिच्यावर गुलाल उधळला, खोबरे उधळले. गर्दी वाढल्यावर पोलिसांनी वाहने पायथ्यालाच वळवली आणि भाविकांना दुसऱ्या मार्गाने सोडले. हजारो भाविकांनी रात्री उशिरापर्यंत दर्शन घेतले.

(सासनकाठी म्हणजे उंच वेळूची, कापड गुंडाळलेली मानाची काठी. दोऱ्यांनी तोल सांभाळत ती नाचवतात.)

यातल्या प्रत्येक क्रियापदाला एकच प्रश्न विचारायला शिकवा : तू कोणाचं ऐकतोस? यात्रा भरली, मिरवणूक निघाली, पालखी निघाली. इथे क्रियापद कर्त्याचं ऐकतं. काठ्या नाचवल्या, गुलाल उधळला, वाहने वळवली. इथे कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला की क्रियापद त्याच्याकडे पाठ फिरवतं आणि कर्माचं ऐकतं. नाचणे-नाचवणे ही जोडी फळ्यावर शेजारी लिहा. ‘काठ्या नाचल्या’ आणि ‘तरुणांनी काठ्या नाचवल्या’ या दोन्ही वाक्यांत शेवटी ‘ल्या’ आहे आणि दोन्हीकडे तो काठ्यांचाच आहे, पण पहिल्यात काठ्या कर्ता आहेत आणि दुसऱ्यात कर्म. तरुण कितीही असोत, पुरुष असोत की बायका, ‘नाचवल्या’ बदलत नाही.

‘दर्शन घेतला’ ही चूक क्रियापदाची नाहीच. विद्यार्थ्याने कर्माचं ऐकायचं हे बरोबर केलंय, फक्त कर्माचं लिंग हिंदीतून आणलंय. हिंदीत दर्शन पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. मंदिराचंही तेच : हिंदीत ‘मंदिर बड़ा’, मराठीत ‘मंदिर मोठे’. त्यामुळे अशा चुकीवर ‘भूतकाळ चुकला’ असा शेरा मारला की विद्यार्थी भलतीकडेच शोधत बसतो. ‘लिंग तपासा’ असा शेरा लिहा.

‘वळवले की वळवली’चं उत्तर ‘ना’ या प्रत्ययात आहे. ‘वाहने वळवली’ : कर्म मोकळं आहे, नपुंसकलिंगी अनेकवचनी, म्हणून ‘ली’. ‘भाविकांना वळवले’ : कर्माला ‘ना’ लागला की क्रियापद त्याचंही ऐकेनासं होतं. कर्त्याला ‘नी’, कर्माला ‘ना’, मग ऐकायचं कोणाचं? कोणाचंच नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. जुन्या व्याकरणातला हा भावे प्रयोग. भाविक एक असो, हजार असोत, बायका असोत, ‘वळवले’च. हिंदीतही ‘को’ आला की क्रियापद असंच थिजतं (‘पुलिस ने औरतों को रोका’), तेव्हा तुमच्या वर्गाला त्याचीच आठवण करून द्या. निम्मं काम तिथेच होईल.

इथे लेखी मराठीचा एक चकवा आहे आणि माझ्या मते तुमच्या वर्गाचा खरा गोंधळ त्यातूनच येतो. ‘घेतले’ हे छापील रूप दोन कामं करतं. ‘दर्शन घेतले’ इथे ते नपुंसकलिंगी एकवचन आहे. ‘पेढे घेतले’ इथे पुल्लिंगी अनेकवचन. कागदावर दोन्ही सारखी. ओळखायचं कसं? वाक्य मोठ्याने, घरात बोलतो तसं बोलायचं. ‘दर्शन घेतलं’ होतं, ‘पेढे घेतलं’ कधी होत नाही. ‘खोबरं उधळलं’, पण ‘नारळ फोडले’. ‘भाविकांना सोडले’चंही बोलताना ‘सोडलं’ होतं, म्हणजे तिथला ‘ले’ भाविकांचा नव्हे याचा पुरावा कानालाच मिळतो. तुमच्या लोकांना बोलता येतंय, म्हणजे ही कसोटी त्यांच्या हातात आहे.

बातमीत मात्र ‘घेतले’च लिहायचं. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांप्रमाणे बोलण्यातला उच्चार दाखवायचा असेल तेव्हा शेवटी अनुस्वार, एरवी एकार. (हे उत्तर मी बोलल्यासारखं लिहितोय म्हणून माझे अनुस्वार चालवून घ्या.) वरच्या नमुन्यात ‘नावानं चांगभलं’ला अनुस्वार आहे तो याच कारणाने : तो लोकांच्या तोंडचा गजर आहे. तिथे ‘नावाने चांगभले’ लिहिलं तर गुलालाचा रंगच उडून जाईल.

‘सरपंचांनी म्हणाले’ : हिंदीत ‘सरपंच ने कहा’, म्हणून हा ‘नी’ आला. मराठीत म्हणणे आणि बोलणे ही क्रियापदं भूतकाळातही सहसा कर्त्याचंच ऐकतात. सरपंच म्हणाले, अध्यक्षा म्हणाल्या. ‘नी’ ठेवायचाच असेल तर क्रियापद बदला : सरपंचांनी सांगितले. बातमीत ‘सांगितले’ माहितीसाठी आणि ‘म्हणाले’ मतासाठी, असा साधारण भेद मी करतो. नियम नव्हे, सवय.

‘करण्यात आला’ मी मुद्दाम एकदाच वापरलंय. अभिषेक पुजाऱ्यांनीच केला असणार, ते सांगायची गरज नाही, म्हणून तिथे ते चालतं. पण विद्यार्थ्यांना हा साचा एकदा सापडला की पालखी काढण्यात येते, गुलाल उधळण्यात येतो आणि दर्शनही घेण्यात येते, आणि जत्रेचं सरकारी परिपत्रक होतं. उधळणारा माणूस वाक्यात दिसला पाहिजे. एका छोट्या बातमीत एक, फार तर दोन.

‘होते’चीही अशीच लागण होते. ‘पालखी निघाली होती, गुलाल उधळला होता’ असं ओळीने आलं की वाचक पुढच्या घटनेची वाट बघत राहतो, कारण ‘निघाली होती’ म्हणजे दुसरं काही घडण्याआधी निघाली होती. नमुन्यात ते एकाच ठिकाणी आहे : काठ्या आदल्या रात्री पोहोचल्या होत्या, यात्रा शनिवारी भरली. मागची गोष्ट सांगून झाली की पुन्हा साध्या भूतकाळात यायचं.

आता शीर्षक. भूतकाळ चालतो, चांगला चालतो. मराठी शीर्षकात बहुधा एक तर क्रियापदच नसतं (‘ज्योतिबा डोंगरावर भाविकांची गर्दी’) किंवा भूतकाळ असतो (‘सासनकाठ्या नाचल्या’). इंग्रजी वर्तमानपत्रं झालेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतात, त्या सवयीने कोणी ‘हजारो भाविक दर्शन घेतात’ लिहिलं तर मराठी वाचकाला ते रोजचं वाटतं, कालचं नव्हे. ‘भाविकांनी घेतले दर्शन’ अशी क्रियापद पुढे घेतलेली उलटी रचना शीर्षकात खपते. बातमीच्या अंगात आणली की निवेदक माइकवर बोलतोय असं वाटतं.

शीर्षकासाठी मी वर्गात असं करतो : आधी बातमी लिहून घ्यायची, मग तिच्यातलं जे क्रियापद दुसऱ्या कुठल्याही जत्रेच्या बातमीत बसणार नाही ते शोधायचं. ज्योतिबाला ‘नाचल्या’ सापडतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची बातमी असेल तर तिथे घोडे विकले गेले, पळवले गेले, त्यांचे दात पाहिले गेले. आंगणेवाडीला जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरली. ‘उत्साहात’ आणि ‘संपन्न’ तिन्ही ठिकाणी बसतात, म्हणूनच तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांचं शीर्षक एकच आलं.